चौथ्या बिलातून हजार रुपये कसे गेले?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात रंगकाम करणारा कंत्राटदार घ्या. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याने एप्रिलमध्ये २८,००० रुपयांचं बिल दिलं, जूनमध्ये २६,००० चं, ऑगस्टमध्ये २९,००० चं. तिन्ही बिलांचे पैसे पूर्ण मिळाले. ऑक्टोबरमध्ये त्याने २४,००० चं चौथं बिल दिलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८,३२० रुपये यायला हवे होते, पण बँकेत आले २७,२५०. त्याने अकाउंट्सला फोन लावला: ‘‘साहेब, एक टक्का टीडीएस म्हणजे दोनशे चाळीस ना? १,०७० कसे कापले?’’

अकाउंट्समधल्या माणसाने ते कापलेलेच नव्हते. ईआरपीने कापले होते आणि बरोबर कापले होते.

मार्च २०२६ पर्यंत कंत्राटी कामासाठी आयकर कायद्याचं कलम १९४सी लागत होतं आणि त्यात मर्यादा दोन होत्या. एखादं बिल ३०,००० च्या वर गेलं तर त्या बिलावर कर कापायचा. प्रत्येक बिल त्याच्या आत असलं, तरी वर्षभराची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कापायचाच, आणि तोही सगळ्या बेरजेवर. आपल्या रंगाऱ्याची पहिली तीन बिलं मिळून ८३,००० होत होती. चौथ्या बिलाने आकडा १,०७,००० वर गेला. त्याचा एक टक्का म्हणजे १,०७०. आधीच्या तीन बिलांचा राहिलेला करही या चौथ्यातूनच वळता झाला. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्यामुळे तो या हिशेबात धरलेला नाही.

मुंबईत तयार होणाऱ्या ईआरपीनेक्स्टमध्ये ही सगळी बुद्धी Tax Withholding Category नावाच्या एका छोट्या तक्त्यात भरलेली असते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दर किती, एका बिलाची मर्यादा किती, एकूण मर्यादा किती, एवढेच रकाने. शिवाय Only Deduct Tax On Excess Amount असा एक चौकोन असतो. वर्षाला ५० लाखांच्या वरच्या मालखरेदीसाठी जे १९४क्यू कलम होतं, त्यात फक्त वरच्या रकमेवर ०.१ टक्का कापायचा असे, म्हणून तिथे तो चौकोन टिकलेला हवा असे. १९४सी मध्ये चुकून टिकला, तर आपल्या रंगाऱ्याचे १,०७० ऐवजी ७० रुपयेच कापले जातील. तेव्हा तो फोन करणार नाही. तीन वर्षांनी नोटीस येईल ती कारखान्याला.

दर कसा ठरतो? व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन. बिलावरचं नाव इथे फसवतं. ‘अमुक एंटरप्रायझेस’ ऐकून क्लार्क दोन टक्क्यांची कॅटेगरी लावतो, पण खरं उत्तर पॅनच्या चौथ्या अक्षरात असतं. पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे अविभक्त कुटुंब, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी. मालक एकटाच असलेल्या एंटरप्रायझेसचा पॅन त्या माणसाचाच असतो, चौथं अक्षर पी. पॅन दिलाच नाही, तर दर थेट २० टक्के.

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ होतो तो पार्टी मास्टरमध्ये. एकच कंत्राटदार दोनदा नोंदलेला असतो, एकदा पुण्याच्या पत्त्याने आणि एकदा चाकणच्या. एका कोडवर ५४,००० जमा होतात, दुसऱ्यावर ५३,०००. एकही बेरीज लाखावर जात नाही, सॉफ्टवेअर गप्प बसतं. कायदा मात्र माणूस बघतो, कोड नाही. शोधायचा उपाय सोपा आहे. वर्षाची सगळी बिलं एक्सेलमध्ये काढायची आणि नावाप्रमाणे नव्हे, पॅनप्रमाणे बेरीज मारायची. ज्यांच्या पॅनचा रकाना रिकामा आहे, ते आधी बघायचे.

कधीकधी कंत्राटदारच कागद घेऊन येतो की माझा कर कमी कापा. असं प्रमाणपत्र मार्च २०२६ पर्यंत आयकर खात्याकडून कलम १९७ खाली मिळत होतं. त्यावर दर, मुदत आणि रकमेची मर्यादा असते. मुदत सगळे टाकतात. रकमेची मर्यादा टाकायची राहते. प्रमाणपत्र २० लाखांपर्यंतचं आणि बिलं २३ लाखांची झाली, तर वरच्या तीन लाखांना नेहमीचाच दर लागतो.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत चालतो. समजा आपल्या १,०७० रुपयांची कपात १५ ऑक्टोबरची आहे आणि चलन भरलं गेलं ८ नोव्हेंबरला. उशीर एका दिवसाचा. पण व्याज कापल्याच्या तारखेपासून महिन्याला दीड टक्का, अर्धवट महिना पूर्ण धरून. ऑक्टोबर एक, नोव्हेंबर दोन, म्हणजे तीन टक्के. इथे ३२ रुपये होतात म्हणून कुणी हसेल, पण महिन्याला दहा लाख कर भरणाऱ्या कंपनीला तोच एक दिवस तीस हजारांना पडतो.

हा उशीर नेहमी विसरण्यानेच होतो असं नाही. सप्टेंबरचा भरणा ७ ऑक्टोबरला झालेला असतो. १० तारखेला स्टोअरमधून सप्टेंबरचं एक राहिलेलं बिल वर येतं आणि कुणीतरी ते सप्टेंबरच्याच पोस्टिंग तारखेने बुक करतं. झालं, कपात सप्टेंबरची ठरली आणि भरणा आपोआप उशिराचा. भरणा झाला की मागचा महिना सिस्टीममध्ये गोठवून टाकावा. आणि चलन भरण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवावेत: देय टीडीएसच्या खात्यातली शिल्लक आणि कपातीच्या अहवालाची बेरीज. फरक निघाला, तर बहुतेक वेळा कुणीतरी कपात बिलात न करता जर्नल व्हाउचरने हाताने मारलेली असते.

मार्च २०२६ पर्यंतच्या कपातींसाठी दर तिमाहीला २६क्यू हे विवरण जात होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचं ३१ जानेवारीपर्यंत. उशिराला दिवसाला २०० रुपये, फार तर कराच्या रकमेइतके. त्यात प्रत्येक कपातीसमोर पॅन आणि चलनाचा तपशील असतो. विवरण स्वीकारलं गेलं की ट्रेसेस या सरकारी पोर्टलवरून फॉर्म १६ए उतरवायचा आणि १५ फेब्रुवारीपर्यंत कंत्राटदाराला द्यायचा. ईआरपीतून छापलेला तसाच दिसणारा कागद त्याच्या काही कामाचा नाही. त्याचे १,०७० रुपये त्याच्या २६एएस मध्ये दिसले पाहिजेत, तरच रिटर्न भरताना ते त्याला वळते मिळतात. पॅनमधलं एक अक्षर चुकलं, तर पैसे सरकारकडे पोचतात, पण त्याच्या नावावर लागत नाहीत. मग दुरुस्ती विवरण भरायचं, आणि ते कारखान्यालाच भरावं लागतं, त्याला नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि पगाराखेरीजची टीडीएसची बहुतेक कलमं एकट्या कलम ३९३ च्या तक्त्यांत गेली. म्हणून जुन्या कॅटेगरीचं नाव खोडून त्यावर नवं लिहू नये, नवी वेगळी उघडावी. मार्च २०२६ पर्यंतच्या कपातींची दुरुस्ती निघाली, तर ती १९४सी च्याच नावाने करावी लागणार आहे.