उसनी ओळख आणि कमावलेली ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना दहावीतल्या मुलाला 'पुढे काय होणार?' असे विचारलेले मी कधी ऐकले नाही. ते विचारीत, 'सध्या काय करून पाहतोस?' या दोन प्रश्नांमधील अंतर हाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

'मी कोण?' हा प्रश्न किशोरवयात नव्याने उभा राहतो, हे एरिक एरिक्सन यांनी सांगितले. त्यांच्या विचाराला जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली तपासता येईल असे रूप दिले. मुलाने निरनिराळे पर्याय खरोखर धुंडाळले आहेत काय, आणि एखाद्या पर्यायाशी तो बांधला गेला आहे काय, एवढ्या दोन गोष्टी ते पाहत. त्यांतून चार अवस्था निघतात. शोध नाही आणि निश्चयही नाही, ती विखुरलेली ओळख. शोध चालू, निश्चय अद्याप नाही, ती शोधावस्था. शोधाअंती निश्चय, ती कमावलेली ओळख. शोधाविनाच निश्चय, ती उसनी ओळख. या चार पायऱ्या नव्हेत. माणूस एकीतून दुसरीत जातो, परतही येतो.

आपली गफलत होते ती शेवटच्या दोहोंत, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोघेही ठामपणे उत्तर देतात, आणि शिक्षकाला ठाम मुलगा आवडतो.

साधारण २००६ सालची गोष्ट. चीनकडे जाणाऱ्या खनिजामुळे डिचोली तालुक्यात त्या काळी ट्रकांची रांग संपत नसे. आमच्या वाड्यावरचा अकरावीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, शिकून काय करू? बारावी झाली की ट्रक घेणार." त्याचे चारही सोबती हेच बोलत. मी त्याला भर चारचौघांत सुनावले, "त्या टोळक्याच्या नादी लागू नकोस." दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या अंगणात यायचा थांबला.

माझी चूक मला फार उशिरा कळली. ज्याला स्वतःची ओळख सापडलेली नसते, त्याला सोबत्यांचा गट ती तात्पुरती पुरवितो. सारखी केशरचना, सारखी भाषा, सारखे बेत. गटावर घाव घातला की तो घाव मुलाच्या 'मी'वर बसतो, आणि तो गटाला अधिकच घट्ट धरतो. मी त्याला एकट्याला गाठून एवढेच विचारायला हवे होते : "ट्रकाखेरीज आणखी कशाचा विचार केला होतास? तो का सोडलास? खाण उद्या थांबली, तर काय करशील?" शोध घेतलेला मुलगा पहिल्या दोन प्रश्नांना तपशिलाने उत्तर देतो आणि तिसऱ्याला थोडा थबकतो. उसनी ओळख घेतलेला पहिल्यालाच चिडतो, किंवा दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे ऐकवितो.

सप्टेंबर २०१२मध्ये खाणी खरोखरच थांबल्या. त्याचा ट्रक दारात उभा राहिला, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. तो मला म्हणाला, "काका, ट्रक गेला तर मी कोण, तेच समजत नाही." पैशाची चिंता त्याने दुसऱ्या क्रमाने सांगितली. ट्रक घेणे चुकीचे नव्हते. दुसरे काहीही न पाहता घेणे महागात पडले.

उलट उदाहरण आपल्याच गोव्याचे आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी तरुणपणी नारळीच्या बागा सांभाळीत. मनाने मात्र ते अस्वस्थ होते. 'बालबोधमेवा' मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांना दिशा दाखविली, तरी निघायला वेळ लागला. घर सोडून ते परतही आले, आणि अखेर १८९९ साली, तेविसाव्या वर्षी, पुण्यास गेले. त्या वेळी त्यांना पाहणारा शिक्षक 'हा मुलगा भरकटला' असेच म्हणाला असता. ती शोधावस्था होती.

म्हणून दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी या संभ्रमात असलेल्या मुलाला घाईने उत्तर देऊ नये. त्याला शोधाचे साधन द्यावे : दोन शनिवार गॅरेजमध्ये, दोन दवाखान्यात, दोन काजूच्या बागायतीत, आणि नंतर काय आवडले, काय नकोसे वाटले, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ज्याच्या घरी लगेच मिळकत हवी, त्याला हा अवकाश थोडाच मिळेल. तेथे नोकरीबरोबर पुढील शिक्षणाची एक वाट उघडी ठेवावी. मात्र झोप, जेवण, बोलणे तुटले असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर तो करिअरचा संभ्रम समजू नये. पालकांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तो मुलगा आज चाळिशीकडे झुकला आहे. गेल्या चतुर्थीला तो आपल्या मुलाला घेऊन आला. मी त्या लहानग्याला विचारले, "सध्या काय करून पाहतोस?" बाप हसला आणि म्हणाला, "काका, हा प्रश्न मला तेव्हा विचारला असता तर!"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.