मुखत्यारपत्रावर घेतलेला प्लॉट

बंगळुरूजवळच्या चुंचघट्टा गावातल्या एका भूखंडाचा व्यवहार एप्रिल १९८६ मध्ये झाला. मूळ मालकाने एका बाईंना एकाच दिवशी दोन कागद करून दिले. एक होता १०,२५० रुपयांना भूखंड विकण्याचा करार. दुसरं होतं त्या भूखंडाचा कारभार पाहण्याचा आणि तो विकण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र, तेही ‘अपरिवर्तनीय’, म्हणजे कधीच रद्द करता येणार नाही असं. कराराची नोंदणी मात्र कोणी केली नाही आणि खरेदीखतही झालं नाही. पुढची अकरा वर्षं काही बिघडलं नाही.

जानेवारी १९९७ मध्ये मालक वारले. एप्रिल १९९८ मध्ये बाईंनी मालकाच्या मुखत्यार या नात्याने तो भूखंड आपल्याच मुलाला विकला. या वेळी खरेदीखत रीतसर नोंदवलं. मुखत्यारपत्र रद्द न होणारं असल्यामुळे आपला अधिकार शाबूत आहे, असा त्यांचा समज. तिकडे मालकाच्या वारसांनी २००३ मध्ये तोच भूखंड तिसऱ्याच माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने विकून टाकला आणि त्याच्याकडून तो आणखी पुढे गेला. एका जमिनीची दोन नोंदवलेली खरेदीखतं झाली. वाद कोर्टात गेला. खालचं कोर्ट, उच्च न्यायालय आणि शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी बाईंच्या मुलाची बाजू हरली. वारसांकडून आलेली मालकी खरी ठरली.

आपल्याकडे शहरांच्या वेशीवर असे प्लॉट घेतलेली किती तरी घरं आहेत, आणि त्यांच्या कपाटातल्या फाईलमध्ये हेच दोन कागद असतात. म्हणून हा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे.

मुखत्यारपत्राने काय दिलं जातं? मालकाच्या वतीने, मालकाच्या नावाने सही करण्याची परवानगी. मुखत्यार खरेदीखतावर सही करतो तेव्हा विकणारा मालकच असतो. मुखत्यार फक्त त्याचा हात झालेला असतो. त्यामुळे कागद हातात पडला म्हणून मिळकतीवर मुखत्याराचं नाव लागत नाही. सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या दप्तरात मालकाचंच नाव राहतं आणि ते राहणं बरोबरच असतं. मालकी एका माणसाकडून दुसऱ्याकडे विक्रीने जायची, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने एकच वाट ठेवली आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. हाच कायदा पुढे असंही सांगतो, की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे बाईंच्या हातातल्या दोन कागदांपैकी एकाने सहीची परवानगी दिली होती आणि दुसऱ्याने पुढे विकण्याचं वचन दिलं होतं. मालकी दोहोंतही नव्हती, आणि दोन कागद एकत्र वाचले तरी ती त्यांतून निघत नव्हती.

परवानगी देणारा माणूसच गेला, तर ती कोणाच्या वतीने वापरायची? १८७२ चा करार कायदा म्हणतो, की मालकाच्या मृत्यूने किंवा त्याला वेड लागल्याने मुखत्याराचा अधिकार संपतो. मृत्यूची बातमी कळण्यापूर्वी मुखत्याराने केलेल्या व्यवहारांना कायदा काही संरक्षण देतो, पण बातमी माहीत असताना केलेल्या सहीला नाही. मालकाच्या हयातीत मुखत्याराने खरेदीखत पुरं केलं असेल, तर नंतरच्या मृत्यूने ते बिघडत नाही. चुंचघट्ट्यात सही झाली ती मृत्यूनंतर चौदा महिन्यांनी.

मग ‘अपरिवर्तनीय’ या शब्दाचं काय? मुखत्यारपत्रं लिहिणाऱ्यांचा हा लाडका शब्द आहे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फसवणूकही त्यानेच होते. मृत्यूनंतरही टिकणारा अधिकार कायद्याला माहीत आहे, पण त्याची अट वेगळी आहे: ज्या मिळकतीबद्दल अधिकार दिला, तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असला पाहिजे. करार कायद्यातलं उदाहरणच घ्या. एक माणूस दुसऱ्याचं देणं लागतो. तो धनकोला सांगतो, ‘माझी जमीन वीक आणि आलेल्या पैशांतून तुझं देणं वळतं करून घे.’ हा अधिकार देणाऱ्याला काढून घेता येत नाही आणि तो मेला तरी संपत नाही. पण इथेसुद्धा धनको जमिनीचा मालक होत नाही. त्याला जमीन कोणाला तरी नोंदणीकृत खरेदीखताने विकावीच लागते. चुंचघट्ट्याच्या मुखत्यारपत्रात असा हितसंबंध कोर्टाला कुठे दिसला नाही. कागदाच्या मथळ्यावर काय छापलंय यावरून त्याचा स्वभाव ठरत नाही, आतल्या मजकुरावरून ठरतो, हे कोर्टाने स्पष्ट केलं.

तरी लोक या वाटेने का जातात? दिल्लीत आणि आसपास करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांवर मिळकती विकण्याची पद्धतच पडली होती. मुद्रांक शुल्क वाचायचं, काळा पैसा खपायचा, आणि जिथे विक्रीला परवानगी लागे तिथे ती टाळता यायची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात या पद्धतीने मालकी मिळत नाही असं निःसंदिग्ध सांगितलं. त्याच निकालात हेही म्हटलं, की पती-पत्नी, मुलं, भावंडं यांना खरोखरच कारभारासाठी किंवा खरेदीखतावर सही करण्यासाठी दिलेल्या मुखत्यारपत्रांना, किंवा विकासकाला इमारत बांधण्यासाठी दिलेल्या मुखत्यारपत्रांना यामुळे धक्का लागत नाही.

महाराष्ट्रातलं मोठं कारण आहे तुकडेबंदी. १९४७ च्या या कायद्यामुळे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकता येत नव्हते. एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचं खरेदीखत दुय्यम निबंधक नोंदवून घेत नसे, म्हणून विकणारा नोटरीसमोर साठेकरार आणि मुखत्यारपत्र करून देई आणि घेणारा पत्र्याचं घर बांधून राहायला जाई. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणाऱ्याची ओळख पटली एवढंच. तो नोंदणीची जागा घेत नाही. विकणाऱ्याची नियत साफ असली तरी त्याच्या मागे त्याची मुलं आपल्या बापाच्या सहीला मान देतीलच असं नाही, आणि दरम्यान जमिनीचा भाव दहापट झालेला असतो.

एक गंमत नोंदवायला हवी. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. मोबदला न घेता परक्या माणसाला असा अधिकार दिला तरीही तेच. आईवडील, भावंडं, पती-पत्नी, मुलं, नातवंडं अशा जवळच्या नात्यात बिनमोबदला दिला, तर मात्र पाचशे रुपयांत काम होतं. म्हणजे परक्याकडून नियमाप्रमाणे मुखत्यारपत्र घेणारा खरेदीएवढे पैसे भरतो आणि तरीही मालक होत नाही. ज्यांनी ते शंभराच्या स्टँपवर उरकलं, त्यांचा कागद कोर्टात दाखल करतानाच दंडासह फरकाची रक्कम पुढे येते.

मुखत्यारपत्राचा सरळ उपयोग कुठे, तेही पाहू. समजा, मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याच्या नावचा फ्लॅट डोंबिवलीत आहे आणि गिऱ्हाईक तयार आहे. प्रत्येक सहीसाठी विमानाने येणं परवडत नाही, म्हणून तो इथल्या बहिणीला मुखत्यार नेमतो. हा कागद तो तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करतो. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन हवं आणि खरेदीखतावर सही करण्याचा, ते नोंदणीसाठी हजर करण्याचा अधिकार स्वच्छ शब्दांत हवा. ‘मिळकतीची सर्व व्यवस्था पाहणे’ एवढ्या शब्दांत विक्री येत नाही. कोर्टं मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. केरळमधल्या एका खटल्यात बहिणीने बहिणीला दिलेल्या मुखत्यारपत्रात जमीन भाड्याने देण्याचा अधिकार होता, विकण्याचा नव्हता. तरी तिने जमीन विकली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घेणाऱ्यांचा हक्क नाकारला. कागद वाचणं हे घेणाऱ्याचंच काम होतं.

डोंबिवलीतल्या गिऱ्हाइकानेही मूळ मुखत्यारपत्र शब्दन् शब्द वाचावं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना बहिणीला एक घोषणापत्र द्यावं लागतं: मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तिला कैद झाली म्हणून गिऱ्हाइकाला फ्लॅट मिळत नाही. दुय्यम निबंधक मालकीची शहानिशा करत नसतो, तो दस्त नोंदवतो. चुंचघट्ट्याचं १९९८ चं खरेदीखतही नोंदवलेलंच होतं. त्यामुळे गिऱ्हाइकाने मुलाशी स्वतः बोलावं, त्याच्याकडून नोंदणीच्या दिवसाच्या आसपास लेखी दुजोरा घ्यावा आणि किमतीचे पैसे बहिणीच्या नव्हे, मुलाच्याच खात्यात भरावेत. मुखत्यार स्वतःला, नवऱ्याला किंवा मुलाला मिळकत विकत असेल आणि मालकाची त्याला स्पष्ट संमती नसेल, तर तिथे थांबावं. असा व्यवहार मालक नाकारू शकतो.

ज्यांनी आधीच करार आणि मुखत्यारपत्रावर प्लॉट घेतलाय त्यांचं काय? विकणारा हयात असेल तर त्याच्याकडून खरेदीखत नोंदवून घेणं हा खरा उपाय आहे, आणि क्षेत्र तुकडेबंदीत अडकलं असेल तर आधी गुंठेवारी नियमित करून घेण्याची वाट आहे का ते तपासावं लागतं. मुखत्यारपत्र चालू असेपर्यंत ते खरेदीखत मुखत्याराच्या सहीनेही होऊ शकतं. विकणारा सही द्यायला तयार नसेल, तर करार पुरा करून मागण्याचा दावा लावता येतो. त्याची मुदत तीन वर्षांची आहे: करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. तो वारला असेल, तर सही सगळ्या वारसांची लागते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची आणि आधीच वारलेल्या मुलाच्या बायकामुलांचीही. वर्षं जातील तशी ही यादी लांबत जाते.