वीस पाहुणे, तेवीस सळया

नागपुरात दिवाळी सरली की गच्च्यांवर शेगड्या निघतात. डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 अंशांवर आला की कोळशाजवळ उभं राहणंच सुखाचं वाटतं. पण आपल्याकडच्या पार्टीत नुसतं भाजलेलं मांस कधीच नसतं. सोबत सावजी मटणाचा रस्सा हवा, लंबी रोटी हवी, वांग्याचं भरीत, पुलाव, कोशिंबीर हवी. चिकनचा हिशेब मात्र बहुतेक घरांत असा होतो, की बाकी ताटात काहीच नाही. मग रात्री अकराला परातभर कोरडे तुकडे उरतात आणि रस्सा कमी पडतो.

नुसत्या ग्रिलवर जेवण असेल तर मोठ्या माणसाला 300 ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन लागतं. रस्सा-रोटीसह चार पदार्थ असतील तर 180 ग्रॅम पुरतं, मुलांना त्याच्या निम्मं. भाजताना चिकनचं वजन पंचवीस ते तीस टक्के घटतं, म्हणजे 180 चे साधारण 130 ग्रॅम ताटात येतात.

वीस जण धरू: मांसाहारी मोठी बारा, मुलं चार, शाकाहारी चार. बारा जणांचं 2,160 ग्रॅम, मुलांचं 360, मिळून अडीच किलो. वर थोडं जास्तीचं धरून पावणेतीन किलो घ्यायचं. रस्स्यासाठी हाडासकट सव्वा किलो मटण वेगळं. मटणाचे तुकडे सळईवर लावायच्या भानगडीत मी पडत नाही. ते शिजायला वेळ घेतात आणि सगळी शेगडी अडवून ठेवतात.

चिकन घेताना दुकानदार सांगतो, “भाऊ, ब्रेस्ट घेतलं तं कोरडं होते, लेगचं बोनलेस घ्या.” त्याचं ऐकावं. मांडीच्या मांसात चरबी जास्त, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी ते सांभाळून घेतं. तुकडा 30 ग्रॅमचा, लिंबापेक्षा थोडा लहान. एका सळईवर असे चार, मध्ये कांदा आणि सिमला मिरची. म्हणजे सळईमागे 120 ग्रॅम, एकूण 23 सळया.

मसाल्यात खरी गोम पाण्याची असते. दही तसंच घातलं तर तुकडे भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात, करडे पडतात आणि थेंब कोळशावर पडून धूर होतो. म्हणून दही रात्रभर टांगून चक्का करायचा. पावणेतीन किलोला साडेपाचशे ग्रॅम चक्का पुरतो. त्यासाठी सव्वा किलोच्या आसपास दही टांगावं. आधी 40 ग्रॅम मीठ, लिंबू आणि शंभर ग्रॅम आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवायचं. सुटलेलं पाणी काढून टाकायचं आणि मग चक्का, तिखट, तेल, दोन-तीन चमचे भाजलेलं बेसन लावायचं. तुकडा उचलून तिरपा धरावा. मसाला चिकटून राहिला तर जमलं, ओघळला तर बेसन आणखी थोडं. मग सहा-आठ तास फ्रिजमध्ये. रात्र थंड असली तरी दुपारी गच्चीवर ऊन असतं, तेव्हा पातेलं बाहेर ठेवू नये.

पनीर चार जणांपुरतं आणू नका. ते आधी भाजून होतं, त्यामुळे मांसाहारी मंडळीही त्यावर हात मारतात आणि ज्यांच्यासाठी आणलं ते वाट पाहत राहतात. एक किलो घ्यावं, 25 ग्रॅमचे तुकडे, चाराच्या दहा सळया. त्यांची शेगडी, सळया आणि चिमटा वेगळा. अनेक घरांत हा श्रद्धेचा प्रश्न असतो, आणि तो मनापासून पाळावा.

दोन फुटी शेगडीवर आठ सळया सुट्या-सुट्या मावतात. एक खेप पंधरा मिनिटांची, म्हणजे चिकनच्या तीन खेपांना तासभर जातो. म्हणून 23 सळया विकत घ्यायची गरज नसते. सोळा पुरतात, आठ आगीवर आणि आठ भरून तयार. कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय पहिली खेप ठेवू नये. झालं की नाही ते रंगावरून ठरवू नका, तिखटामुळे बाहेरून सगळंच लाल दिसतं. सगळ्यात जाड तुकडा कापून पाहा: आत गुलाबी नसावं, रस स्वच्छ यावा. पातेल्यात उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर फासू नका, त्यात कच्च्या मांसाचं पाणी असतं. वरून लावायला तेल-लिंबू वेगळं ठेवा.

तिसरी खेप ठेवण्याआधी पंगतीला एकदा विचारा, अजून कोणाला हवंय. रस्सा चांगला झाला असेल तर निम्मे हात रोटीकडेच वळलेले असतात. तेव्हा उरलेल्या सळया फ्रिजमधून काढूच नका. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तुकड्यांची कांदा-टोमॅटोत उत्तम भाजी होते.