वर्गशिक्षिकेचे पहिल्या दिवसाचे भाषण

शिरूर तालुक्यातील निमोणे येथे माझ्या पुतण्याचे किराणा मालाचे दुकान आहे. गेल्या जून महिन्यात त्याच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत इयत्ता पहिलीत घातले. पुतण्याचा आग्रह झाला, "काका, तुम्हीही चला." नोकरीच्या काळात स्वागताची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, त्यामुळे जाताना फारशी उत्सुकता नव्हती. परतताना मात्र वर्गशिक्षिकेचे जेमतेम दहा मिनिटांचे बोलणे मनात घोळत राहिले.

प्रांगणातील प्रवेशोत्सव फुले देऊन, खाऊ वाटून आटोपला आणि मुले व पालक वर्गात आले. बाई उभ्या राहून बोलल्या नाहीत. त्या मुलांसमोर सतरंजीवर बसल्या, स्वतःचे नाव सांगितले आणि थेट मुलांशी बोलू लागल्या. आपण मोठे झालात, खूप शिकायचे आहे, असे एकही वाक्य त्यात नव्हते. पिण्याचे पाणी कोठे आहे आणि शौचालय कोठे आहे हे त्यांनी सांगितले. नुसते सांगितले नाही, तर सर्वांना रांगेने नेऊन दाखवले. मग त्या म्हणाल्या, "आता आपण खेळू, नंतर जेवू, जेवल्यावर एक गोष्ट ऐकू, आणि गोष्ट संपली की घरी." शेवटी प्रत्येक मुलाला त्यांनी विचारले, "तुला न्यायला कोण येणार?" कोणी आई म्हणाले, कोणी आजोबा. बाईंनी ती नावे वहीत टिपून घेतली.

घड्याळातली वेळ न सांगता कामांचा क्रम का सांगितला, हे मी नंतर विचारले. सहा वर्षांच्या मुलाला "साडेचार" म्हणजे काय ते कळत नाही, पण "गोष्टीनंतर" हे नेमके कळते. नव्या जागी मुलाच्या मनात मुख्यतः तीनच प्रश्न असतात: लघवीला लागली तर काय करायचे, भूक लागली तर काय आणि घरचे माणूस परत येणार की नाही. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत फळ्यावरचे अक्षर त्याला दिसत नाही.

त्यानंतर त्या पालकांकडे वळल्या. पहिली विनंती अशी की, मूल घरी शौचास जाण्यासाठी कोणता शब्द वापरते तो आजच सांगावा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते. मूल दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी बोलते, पण अडचणीच्या वेळी त्याच्या तोंडी आजीचाच शब्द येतो. तो शिक्षकाला कळला नाही, तर मूल गप्प बसते आणि कपडे ओले होतात. पुढे शाळेविषयी भीती बसते ती या लाजेपोटी. आहाराचेही तसेच. घरी जे वर्ज्य आहे ते शिक्षकांना सांगून ठेवावे. सहा वर्षांच्या मुलाने ते एकट्याने सांभाळावे, ही अपेक्षा ठेवू नये.

दुसरी विनंती वयासंबंधी होती. आपल्या राज्यात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. बाईंनी उदाहरण दिले. एकाच वर्षी 5 जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि 28 डिसेंबरला जन्मलेली मुलगी एकाच वर्गात येतात. शाळा सुरू होते तेव्हा एक सहा वर्षे पाच महिन्यांचा असतो, तर दुसरी साडेपाच वर्षांचीही झालेली नसते. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. पेन्सिल धरण्यात आणि एका जागी बसण्यात फरक दिसणारच. "शेजारच्याला लिहिता येते, तुला का नाही, असे दिवाळीपर्यंत तरी विचारू नका," एवढेच त्या म्हणाल्या.

तिसरी विनंती त्यांनी हसत केली. "ऐकले नाहीस तर बाई मारतील, असे घरी सांगू नका. माझ्या नावाने भीती दाखवली, तर मूल अडचण मला सांगणार नाही." मुलाला शारीरिक शिक्षा करणे वा मानसिक त्रास देणे हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार निषिद्ध आहे. धमकी घरातून येते आणि शिक्षकावरचा विश्वास मात्र वर्गात उणावतो.

शेवटची विनंती निरोपासंबंधी होती, आणि तेथेच आमची चूक झाली. मुलगा ठोकळ्यांत रमलेला पाहून पुतण्या हळूच निघाला. बाईंनी त्याला दारात थांबवले. "सांगून जा. रडेल, तरी सांगून जा. मान वर केल्यावर वडील दिसले नाहीत, तर उद्या तो खेळाकडे पाहणारच नाही. तुमच्याकडेच पाहत बसेल." एक वाक्य बोलावे, पाठीवरून हात फिरवावा आणि निघावे, खिडकीतून पुन्हा डोकावू नये. पुतण्याने तसे केले. मुलगा रडला आणि साधारण दहा मिनिटांत शांत झाला.

तो दिवस तेथेच संपता तर बरे होते. मुलाने "पप्पा येणार" असे सांगितले होते. पण दुपारी मालाची गाडी आली, पुतण्या दुकानात अडकला आणि त्याने नोकराला पाठवले. वहीत ते नाव नसल्याने बाईंनी मुलाला त्याच्यासोबत सोडले नाही. फोन करून वडिलांनाच बोलावले. पुतण्या पोहोचला तेव्हा वर्ग रिकामा झाला होता आणि मुलगा दप्तर पोटाशी धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उंबरठा ओलांडण्यास नकार दिला.

पुतण्याचे म्हणणे, उशीर वीस मिनिटांचाच होता. मी त्याला म्हणालो, "अरे, नव्या खातेदाराने पहिलाच हप्ता चुकवला तर आम्ही रक्कम पाहत नसू, तारीख पाहत असू." पुढे बाईंच्या सल्ल्याने रोज एकच व्यक्ती, म्हणजे त्याची आई, शाळा सुटण्याच्या पाच मिनिटे आधी दारात उभी राहू लागली. कारण साधे आहे: इतर मुले एकेक करून जाताना पाहणे हाच लहान मुलासाठी सर्वांत कठीण काळ असतो. सुमारे दोन आठवड्यांनी रडणे थांबले. एकदा मोडलेला शब्द दहा-बारा वेळा पाळावा लागला.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे रडणे नैसर्गिक आहे, असे बाईंनी सांगितले होते. काळजी करायची ती कधी, याची खूणही दिली होती. महिना उलटूनही सकाळी रोज पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, तर ते औषधाचे दुखणे नव्हे. शाळेत काय खुपते ते शोधावे. आणि जे मूल रडतही नाही, बोलतही नाही, त्याच्याकडे रडणाऱ्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे.

आपण व्यापारी माणसे. शाळा सुटण्याची वेळ आणि दुकानातील लगबगीची वेळ पुष्कळदा एकच असते. येत्या जूनमध्ये ज्यांच्या घरचे मूल पहिलीत जाणार आहे, त्यांनी त्याला न्यायला कोण जाणार हे आदल्या रात्रीच ठरवावे, मुलाला सांगावे आणि पहिले पंधरा दिवस त्यात बदल करू नये. मालाच्या गाडीला थोडे थांबवता येते.