फोटोतला पाऊस, छतावरचे लिटर

उमरेडच्या एखाद्या शेतातला पर्जन्यमापकाचा फोटो सकाळी मोबाइलवर आला, तर आकड्याआधी पाण्याचा पृष्ठभाग बघा. तो लांबट गोल दिसत असेल, तर फोटो वरून काढलाय आणि पाऊस प्रत्यक्षापेक्षा जास्त वाचला जाणार. कॅमेरा पातळीत असेल, तर पृष्ठभाग एकच रेघ दिसतो. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढतं, म्हणून वाचायची ती मधली, खालची पातळी.

दुसरी गफलत मापाची. मापकासोबतच्या काचेवर थेट मिलिमीटर असतात, पण ती फुटली की साधा मिलिलिटरचा ग्लास येतो. मग नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ हवं. ते २०० चौ. सेंमी असेल, तर २० मिलिलिटर म्हणजे १ मिमी पाऊस. समजा, फोटोत ७४० मिलिलिटर दिसले, तर पाऊस ३७ मिमी.

पुढचं गणित तोंडी होतं, कारण १ चौ. मीटरवर १ मिमी म्हणजे बरोबर १ लिटर. ३० बाय २० फुटांचा स्लॅब सुमारे ५५.७ चौ. मीटर भरतो, म्हणजे त्यावर जवळपास २,०६० लिटर पडले. कवेलूच्या छपराला मात्र उताराची लांबी धरू नका. वरून पाहिल्यावर ते जेवढी जमीन झाकतं, तेवढंच क्षेत्र पाऊस झेलतं.

टाकीत यापेक्षा कमीच येतं. ओलं होण्यात, उडण्यात, गळण्यात पाचवा हिस्सा गेला, तर १,६५० लिटर उरतात. एकरभर रानावर तोच पाऊस दीड लाख लिटरच्या घरात जातो. त्यातलं किती मुरलं, हे फोटो सांगत नाही.