त्यांचे आठ, आपले सात

न्यू जर्सीला राहणाऱ्या भाचीने चॉकलेट चिप कुकीजची कृती पाठवली. अमेरिकेत ती घरोघरी होते. १९३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी ‘टोल हाउस’ नावाची खाणावळ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांच्या कुकीजवरून ती आली. साहित्याच्या यादीत लिहिलं होतं : बटर, एक कप, म्हणजे दोन स्टिक. मी फ्रिजमधून शंभर ग्रॅमची दोन पाकिटं काढली. स्टिक म्हणजे बटरची कांडी, आणि आपलं पाकीटही कांडीसारखंच दिसतं. त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

पीठ मळतानाच कोरडं वाटलं. गोळे वळले तर कडांना चिरा पडत होत्या. ओव्हनमध्ये ते पसरलेच नाहीत. ठेवले तसे फुगीर राहिले आणि बाहेर आल्या त्या चॉकलेट घातलेल्या नानकटाया. फोटो पाहून भाची हसली. “अगं मावशी, आमची स्टिक तुझ्या पाकिटापेक्षा मोठी असते!”

किती मोठी, हे समजायला पौंडापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेत घरगुती वापराचं बटर बहुधा एक पौंडाच्या खोक्यात मिळतं. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. खोक्यात चार कांड्या असतात, म्हणून एक स्टिक भरते ११३.४ ग्रॅम. देशाच्या पूर्वेकडे ही कांडी लांब आणि बारीक असते, पश्चिम किनाऱ्यावर आखूड आणि जाड. वजन मात्र दोन्हीकडे तेच. वेष्टणाच्या कागदावर आडव्या रेघा छापलेल्या असतात आणि त्या कांडीचे आठ सारखे भाग पाडतात. त्यातला प्रत्येक भाग एक टेबलस्पून. तिथली बाई सहा टेबलस्पून बटर चमच्याने मोजत नाही. सहाव्या रेघेवर सुरी ठेवते आणि कापते.

म्हणजे ११३.४ ग्रॅमचे आठ भाग केले की एक टेबलस्पून बटर १४.२ ग्रॅम भरतं. आठ टेबलस्पून म्हणजे एक स्टिक किंवा अर्धा कप. दोन स्टिक म्हणजे एक कप, २२७ ग्रॅम. बाकीची सगळी उत्तरं यातूनच निघतात.

माझी चूक आता उघड झाली. २२७ ऐवजी २०० ग्रॅम घातलं, म्हणजे साधारण आठवा हिस्सा कमी. वरणात तूप इतकं कमी पडलं तर कळतही नाही. कुकी पसरते ती बटर वितळून पीठ सैल होतं म्हणून, त्यामुळे तिथे ते लगेच दिसतं. याच्या उलट चूकही होते. कोणी पाचशे ग्रॅमचा मोठा ठोकळा आणतं, त्याचे चार भाग करतं आणि एकेका भागाला स्टिक समजतं. तो भाग १२५ ग्रॅमचा असतो. दोन भाग घातले की २५० ग्रॅम होतात. मग कुकीज एकमेकींत मिसळतात, कडा पातळ होऊन करपतात आणि ट्रेवर तुपकट डाग राहतात.

तिसरी चूक हिशेबी माणसांची. टेबलस्पून १५ मिलिलिटरचा, म्हणून बटरही १५ ग्रॅम असं ते धरतात. हे पाण्याला लागू पडतं. बटर पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून त्याच चमच्यात ते १४ ग्रॅमच्या आसपासच बसतं. एका चमच्याला हा फरक नगण्य आहे, पण कपाचे सोळा चमचे पंधराने गुणले तर २४० ग्रॅम होतात आणि १३ ग्रॅम उगाच वाढतात.

चमचा कुठला, हाही प्रश्न असतोच. अमेरिकी पाककृतीतला टेबलस्पून काठोकाठ सपाट केलेला असतो. फॅनी फार्मर यांच्या १८९६च्या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकाने ही सपाट मापाची शिस्त तिकडे रुजवली. आपला पोह्याचा चमचा घरोघर निराळा, आणि घट्ट बटर त्यात कधी डोंगरासारखं बसतं, तर कधी खाली पोकळी राहते. ऑस्ट्रेलियाची गोष्ट आणखी वेगळी. तिथला टेबलस्पून २० मिलिलिटरचा, म्हणजे बटर सुमारे १९ ग्रॅम. सहा टेबलस्पून अमेरिकी कृतीत ८५ ग्रॅम होतात, तर मेलबर्नच्या मैत्रिणीने पाठवलेल्या कृतीत ११५. ग्रॅम काढण्याआधी कृती कुठली हे पाहावं ते यासाठीच.

आता आपल्या पाकिटाकडे वळू. शंभर ग्रॅमला १४.२ने भागलं तर उत्तर येतं सात, वर अगदी किंचित. त्यांच्या कांडीचे आठ टेबलस्पून, तर आपल्या पाकिटाचे सात. पाकीट फ्रिजमधून काढून कडक असतानाच कागदासकट पट्टीने त्याची लांबी मोजा, सातने भागा आणि त्या अंतरावर कागदावर पेनने खुणा करा. समजा लांबी साडेदहा सेंटिमीटर निघाली, तर दर दीड सेंटिमीटरला एक रेघ. एकेक चकती १४.३ ग्रॅमची, म्हणजे अमेरिकी टेबलस्पूनच. एक स्टिक हवी असेल तर अख्खं पाकीट घ्यायचं आणि दुसऱ्यातली एक चकती. चकतीमागे ग्रॅमचा दहावा भाग जास्त जातो, पण त्याने कुठल्याही केकचं काही बिघडत नाही.

काटा असेल तर खुणा करायलाही नको. रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि तुकडे टाकत जा. एवढंच पाहा की काटा ग्रॅम दाखवतोय, औंस नव्हे. बटण चुकून दाबलं जातं. ‘वितळवलेलं बटर अर्धा कप’ असं लिहिलं असेल तर आधी मोजायचं की वितळवून, हा घोळही काट्यावर उरत नाही. ११३ ग्रॅम बटर वितळलं तरी ११३ ग्रॅमच राहतं. कपातली जागा तेवढी बदलते. फक्त पातेल्याला चिकटून राहिलेलं नीट निपटून घ्या.

काटा नसेल आणि पाकिटाऐवजी डब्यातलं खुलं बटर असेल, तर मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं पुरतं. त्यात २०० मिलिलिटर थंड पाणी घ्या आणि बटरचे गार तुकडे त्यात सोडा. तुकडे तरंगतील. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, आणि एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. म्हणून पाणी ३१३ च्या खुणेपर्यंत चढलं की ११३ ग्रॅम, म्हणजे एक स्टिक बटर झालं. तुकडा तळाला टेकू देऊ नका, आणि बोटाने खाली दाबूही नका. दाबलात तर पाणी वजन न दाखवता आकारमान दाखवेल आणि तेच बटर ११८ मिलिलिटर भरेल. तुकडे काढून फडक्यावर कोरडे करा. खुणा दहा-दहा मिलिलिटरच्या असतील तर चार-पाच ग्रॅमचा फरक राहील. केकला तेवढं चालतं.

ग्रॅम जुळले तरी बटरच्या पोटात काय आहे हा प्रश्न राहतो. पाकिटातल्या बटरमध्ये आपल्याकडे आणि अमेरिकेतही किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम बदल चालतो. घरी विरजण घुसळून काढलेल्या लोण्यात मात्र ताक किती उरलंय हे धुण्यावर आणि दाबण्यावर ठरतं. असं लोणी ११३ ग्रॅम घेतलं तरी कुकीतलं तूप कमी पडू शकतं. गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून पाणी काढलं तर फरक कमी होतो. तूपच वापरायचं असेल तर ते जवळजवळ निव्वळ स्निग्ध असल्यामुळे ११३ ग्रॅम बटरच्या जागी साधारण ९० ग्रॅम तूप येतं. पण बटरमधल्या पाण्याची वाफ तिथे मिळत नाही, म्हणून पोत बदलतो आणि कुकी पुन्हा नानकटाईकडे झुकते.

उरलं मीठ. आपल्याकडचं रोजचं पिवळं बटर खारं असतं, आणि बेकिंगच्या पुष्कळ कृती बिनमिठाचं बटर धरून लिहिलेल्या असतात. पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती ते छापलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. सोडियम ८०० मिलिग्रॅम असेल तर मीठ दोन ग्रॅम. २२७ ग्रॅम बटरमधून अशा हिशेबाने साडेचार ग्रॅम मीठ आधीच गेलेलं असतं, म्हणजे सपाट पाऊण टीस्पून. कृतीत बिनमिठाच्या बटरला जोडून एक टीस्पून मीठ सांगितलं असेल, तर वरून पाव टीस्पून पुरे.

दुसऱ्या खेपेला मी दोन पाकिटं घेतली, तिसऱ्यावर सात खुणा केल्या आणि त्यातल्या दोन चकत्या वर घातल्या. काट्यावर आकडा आला २२९. मीठ पाव टीस्पूनच घातलं. या वेळी गोळ्यांना चिरा पडल्या नाहीत, आणि दहा मिनिटांनी ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर कुकीज ऐसपैस बसल्या होत्या. भाचीच्या कृतीत ‘दोन स्टिक’ होतं तिथे पेन्सिलने लिहून ठेवलंय : २२७ ग्रॅम. तिसऱ्या पाकिटातल्या उरलेल्या पाच चकत्या पोळीबरोबर संपल्या.