दोन मिनिटांच्या फिल्मचे सहा आठवडे

समजा, चांदवडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला चाळीत कांदा कसा साठवावा हे सांगणारी दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म हवी आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, म्हणून फिल्म मार्चअखेर हातात हवी आणि काम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू व्हायला हवं. माणसं तीन: संहिता लिहिणारी चांदवडला, चित्रकार कोल्हापुरात, अ‍ॅनिमेशन आणि ध्वनी सांभाळणारा पुण्यात.

वेळापत्रक मधून मांडायला घ्यावं. सगळ्यात संथ काम अ‍ॅनिमेशनचं. एकटा माणूस दिवसाला आठ सेकंद पुरी करतो असं धरलं, तर १२० सेकंदांना १५ कामाचे दिवस, म्हणजे तिसरा, चौथा आणि पाचवा आठवडा लागतो. बाकी सगळं या तीन आठवड्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवायचं.

पहिल्या आठवड्यात संहिता. दोन मिनिटांत मराठी निवेदनाचे साधारण अडीचशे शब्द सावकाश बसतात. दुसऱ्या आठवड्यात स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं निवेदनावर ओळीने लावून अ‍ॅनिमॅटिक करायचं, ते कंपनीकडून मंजूर करून घ्यायचं आणि त्यानंतरच पक्का आवाज ध्वनिमुद्रित करायचा. हा टप्पा चुकवणं सगळ्यात महागात पडतं. चौथ्या आठवड्यात कुणी म्हणालं, ‘चाळीच्या तळाखालून हवा खेळली पाहिजे, हे राहिलंच’, तर त्या एका वाक्याची चार सेकंदं पुढचं प्रत्येक दृश्य सरकवतात. शिवाय मार्चमध्ये कंपनीची माणसं काढणीत असतात, फोन उचलत नाहीत. म्हणून मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठरवावी आणि तिचे दोन दिवस वेळापत्रकात कामासारखेच लिहावेत.

चित्रकाराने पुण्याच्या पुढे राहायचं. फिल्मचे वीस-वीस सेकंदांचे सहा तुकडे पाडले, तर पहिल्या तुकड्याची चित्रं तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारआधी पोचली पाहिजेत. पुढच्या तुकड्याला चित्रकाराला दोन दिवस आणि अ‍ॅनिमेशनला अडीच दिवस लागत असतील, तर अंतर वाढतच जातं. फाइलमध्ये हात, क्रेट आणि कांदे वेगवेगळ्या लेयरवर हवेत. हात क्रेटला चिकटून आला, तर तो हलवता येत नाही आणि फाइल कोल्हापूरला परत जाते. ती पुन्हा येईपर्यंत एक दिवस गेलेला असतो.

उशीर ओळखायला दर शुक्रवारी पुरी झालेली सेकंदं मोजावीत. तिसऱ्या आठवड्याअखेर चाळीसऐवजी पंचवीसच झाली असतील, तर वेग दिवसाला पाचचा आहे. उरलेल्या ९५ सेकंदांना १९ दिवस लागतील, हाताशी दहाच आहेत. अशा वेळी रात्री जागून नऊ दिवस भरून निघत नाहीत. काही दृश्यांत माणसांची हालचाल काढून स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवायचा, आणि हा निर्णय त्याच शुक्रवारी घ्यायचा. सहावा आठवडा संगीत, ध्वनिमिश्रण आणि किरकोळ दुरुस्त्यांचा. त्यातले शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवावेत.